आहेराचे पाकीट

एका बँक शाखेत सहकाऱ्याचा विवाह ठरला की आहेरासाठी नावांची यादी फिरे. पहिल्याने पाचशे रुपये लिहिले की शिपायालाही तोच आकडा गाठावासा वाटे. रिकामी ओळ तर सर्वांनाच दिसे.

नव्या हेड कॅशियरने ही रीत बदलली. यादीऐवजी एक जाड, बंद पाकीट अठरा जणांकडे फिरू लागले. वर केवळ नोट सरकवण्यापुरती फट. सोबतच्या कागदावरील खूण पैसे दिल्याची नसे, पाकीट पुढे सोपवल्याची असे. त्यामुळे कोणी वगळला जात नसे, कोणी उघडाही पडत नसे. शुभेच्छापत्र वेगळे फिरे आणि त्यावर सर्वांच्याच सह्या असत. मोबाइलवरून पैसे पाठवणाऱ्याचे नाव मात्र त्यांना कळे, ही या रीतीची मर्यादा. तेवढी रोकड ते पाकिटात टाकत आणि विषय तेथेच संपे.

वस्तू आधी ठरत नसे. एकदा दोघांनी मिळून पाकीट उघडले, तेव्हा ४,१५० रुपये निघाले. कुकर व डबे ३,९८० रुपयांना आले; उरलेले १७० आहेराच्या पाकिटात गेले. फलकावर लागली ती केवळ पावती.