भिंतीवरचा पाहुणा

गुरुवारी रात्री सेक्रेटरीसाहेब कागद घेऊन दारात उभे. "आपा, उद्या सकाळी नोटीस लावायची आहे. जरा मराठी तपासून द्या, उर्दूतही करून द्या."

आमची सोसायटी घोडबंदर रस्त्याला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला. वॉचमनने पहाटे पावणेपाचला मोबाईलवर फोटो काढला होता : मागच्या कंपाउंड भिंतीवर शांत बसलेला बिबट्या.

नोटिशीत लिहिलं होतं, "सोसायटीत वाघ शिरला आहे. पिंजऱ्यासाठी अर्ज दिला आहे. दिसल्यास फटाके फोडावेत." आधी मी वाघाचा बिबट्या केला. उर्दूत तेंदुआ लिहिलं, कारण आमच्याकडे सगळे त्याला चीता म्हणतात आणि चीता हा वेगळाच प्राणी.

पण खरी चूक शब्दांत नव्हती. सकाळी वनखात्याची माणसं आली होती. त्यांनी भिंतीपेक्षा भिंतीमागचा उकिरडा जास्त वेळ पाहिला. आपणच टाकलेलं उरलंसुरलं अन्न, चिकनची कातडी-आतडी. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांसाठी बिबट्या येतो. त्याला पकडून नेलं, तर रिकाम्या जागी दुसरा येतो. शिवाय अनोळखी रानात सोडलेला बिबट्या तिथल्या माणसांना धोक्याचा ठरू शकतो. जुन्नरमध्ये 2001 नंतर असे बरेच बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा सोडलेल्या भागांत हल्ले वाढल्याचं विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "पण आपा, लोक विचारतील, तुम्ही केलं काय? पिंजरा म्हटलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं."

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. माझे सासरे रोज फजरला त्याच भिंतीच्या कडेने मशिदीत जातात, एकटे, अंधारात. भीती मलाही होतीच. म्हणून ती भीती काढून न टाकता नोटीस पुन्हा लिहिली :

"मागच्या भिंतीवर बिबट्या दिसला आहे. फजरला आणि इशाला दोघा-तिघांनी मिळून, बॅटरी घेऊन, बोलत जावे. मगरिबनंतर मुलांना एकटे खाली सोडू नये. अंधारात झुडपांजवळ वाकून बसू नये. बिबट्या दिसल्यास गर्दी, पाठलाग, फटाके नकोत. त्याला जायला वाट मोकळी ठेवावी आणि वनखात्याला 1926 वर फोन करावा. ओला कचरा झाकणाच्या डब्यातच टाकावा. भिंतीपलीकडे टाकताना आढळल्यास दंड होईल."

सेक्रेटरीसाहेब दंडाच्या ओळीवर थांबले. "यावरून भांडणं होतील."

"होऊ द्या," मी म्हटलं. "बिबट्याला नोटीस वाचता येत नाही. आपल्याला येते."

त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी फजरला सासऱ्यांबरोबर तिसऱ्या मजल्यावरचे दोघे होते. उकिरडा उचलायला मात्र आठ दिवस लागले, आणि भांडणं दोन झाली.