गोधडीचे माप

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ज्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले, तिच्याविषयी ज्याने ज्याने काही लिहिले आहे त्याने आधी तिची लांबी-रुंदी सांगितली आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद, असे ते माप सांगतात. ग्रंथातला वेदान्त मागाहून येतो. आम्हांला यात काही वावगे वाटत नाही. वस्त्र डोळ्यांसमोर नसेल तर त्याच्याविषयी विश्वासाने सांगण्यासारखी पहिली गोष्ट मापच असते. सौंदर्याबद्दल मतभेद होतील, फुटांबद्दल व्हायचे कारण नाही.

ही पासोडी आठवण्याचे निमित्त मात्र फारच संसारी आहे. आमच्या परिचयातल्या, अंबाजोगाई आणि केज तालुक्यांच्या सीमेवरच्या एका गावातल्या काही बायका गोधड्या शिवतात. त्या गोधड्या गेली दोन वर्षे एक मध्यस्थ इंटरनेटवर विकत होता. विक्री बरी होती, पण परत येणाऱ्या गोधड्यांची संख्या इतकी वाढली की बायकांनी आम्हांला ‘त्या कागदावर काय लिव्हलंय ते जरा बघा’ असे सांगितले. कागद म्हणजे पडद्यावरचे वस्तूचे वर्णन. आम्ही ते पाहिले, आणि पुढचे काही महिने शीर्षक, छायाचित्र आणि माप या तीन गोष्टींतच गुंतून राहिलो.

परत आलेली गोधडी म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. गोधडी हिवाळ्यात विकली जाते, म्हणजे परतही हिवाळ्यातच येते. आणि दिवाळीच्या आगेमागे या गावातली निम्मी घरे ऊसतोडीला गेलेली असतात. बाई उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात शिवते आणि हिवाळ्यात कुठल्याशा कारखान्याच्या फडात असते. गोधडीचे पैसे परतीची मुदत संपल्यावर मिळतात. ती परत आली तर तेही नाहीत, आणि ती उकलून वाळवायला, पुन्हा घडी घालायला घरी म्हातारीवाचून कोणी नाही. पावणेदोन महिन्यांचे टाके मग फडताळात पडून राहतात.

परतीची कारणे ग्राहकांनी नोंदवलेली होती. ती आम्ही एका वहीत उतरवून काढली. भाषा वेगवेगळी असली तरी तक्रारी चारच होत्या: मापात लहान आहे, चित्रातली ही नव्हे, जुन्या कापडाची आहे, रजईसारखी फुगीर नाही. यातली एकही तक्रार शिवणाऱ्या बाईच्या हाताविषयी नव्हती. टाके उसवले, कापड फाटले असे कोणीच म्हटले नव्हते. वस्तू चांगली होती आणि तिच्याविषयीचे वाक्य खोटे होते.

शीर्षकापासून सुरुवात करू. मूळ शीर्षक होते: ‘डिझायनर किंग साइज प्युअर कॉटन रजई, हिवाळ्यासाठी अतिशय उबदार’. यातला एकेक शब्द तपासून पाहावा. रजई किंवा दुलई म्हटले की मराठी माणसाला आत पिंजलेला कापूस अपेक्षित असतो. गोधडीत कापूस नसतो, कापडाचे थर असतात. म्हणून ती पातळ दिसते आणि हाताला जड लागते. ‘किंग साइज’ला सगळ्या विक्रेत्यांत मिळून एक ठरलेले माप नाही. ‘प्युअर कॉटन’ही खरे नव्हते, कारण आतल्या थरांत कृत्रिम धाग्याच्या साड्याही होत्या. आणि ‘अतिशय उबदार’ या शब्दांवरून कोणालाही काहीच कळत नाही. म्हणजे नऊ शब्दांच्या शीर्षकात वस्तूचे खरे नाव नाहीच.

नवे शीर्षक आम्ही असे केले: ‘गोधडी, हाती शिवलेली, जुन्या साड्यांची, एका माणसासाठी, २०३ × १२२ सेंमी’. शब्दांचा क्रम विचारपूर्वक ठेवला आहे. मोबाइलवर शीर्षकाचे पहिले काही शब्दच दिसतात आणि उरलेले कापले जातात. म्हणून जो शब्द वाचून चुकीचा ग्राहक परत फिरेल तो आधी यायला हवा. ज्याला नवे कापड हवे आहे त्याने ‘जुन्या साड्यांची’ इथेच थांबावे. त्याने घरी पुडके उघडून थांबण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त. शोधणारे लोक ‘क्विल्ट’ असेही शोधतात, तो शब्द आम्ही खालच्या वर्णनात ठेवला. शीर्षकात ‘गोधडी’च राहू दिली.

आता माप. इथे आम्हांला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मनोरंजक गोष्ट सापडली. शिवणारी मावशी गोधडी हाताने मोजते: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. तिची नेहमीची गोधडी पाच हात लांब, तीन हात रुंद. मध्यस्थाने हात म्हणजे १८ इंच असे पुस्तकी गणित करून ९० × ५४ इंच लिहून टाकले. आम्ही टेप लावून मावशीचा हात मोजला, तो १७ इंच भरला. म्हणजे अंथरलेले कापडच मुळात ८५ × ५१ होते. पुढे धावदोरा घालताना प्रत्येक टाका कापडाला किंचित ओढून घेतो. अशा शेकडो ओळी भरून झाल्यावर गोधडी ८२ × ४९ वर आली. शेवटी पहिले धुणे. आतल्या साड्या वर्षानुवर्षे धुतलेल्या, त्या आटत नाहीत. पण मांजरपाटाचे नवे अस्तर आणि नवा सुती दोरा आटतो. धुऊन वाळवल्यावर माप निघाले ८० × ४८. कोणीही फसवायला बसले नव्हते, तरी ग्राहकाच्या पदरी लांबीत दहा इंच आणि रुंदीत सहा इंच कमी पडत होते.

यातून मोजण्याची रीत ठरली. मांजरपाट शिवण्याआधीच भिजवून वाळवायचे. तयार गोधडी एकदा धुवायची आणि मगच मोजायची. जमिनीवर पसरायची, सुरकुती हाताने मोडायची, पण ताणायची नाही. लांबी तीन ठिकाणी, रुंदी तीन ठिकाणी मोजायची, कारण हाती शिवलेली वस्तू नेमकी चौकोनी कधीच नसते. या आकड्यांतला सर्वांत लहान आकडा लिहायचा. दोन बोटे जास्त आली म्हणून गोधडी परत करणारा ग्राहक आम्हांला अजून भेटलेला नाही.

तरीही केवळ आकडा पुरत नाही. ८० × ४८ इंच म्हणजे किती हे माणसाला अंगावर घेतल्याशिवाय समजत नाही. म्हणून आकड्याशेजारी एक साधे वाक्य घातले: ‘६ फूट × ३ फूट गादीवर घातली तर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच खाली येते, साडेपाच फूट उंचीच्या एका माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पुरते, दोघांना पुरत नाही.’ शेवटचे तीन शब्द मध्यस्थाला फार खुपले. पण ‘लहान आहे’ म्हणून परत आलेल्या बहुतेक गोधड्या दोघांसाठीच मागवलेल्या होत्या. त्याखाली वजन लिहिले, २ किलो ४०० ग्रॅम. आणि थर लिहिले, पाच. फुगीर रजईची अपेक्षा या दोन आकड्यांनी मावळते.

छायाचित्रांचे दुखणे वेगळेच होते. तीस गोधड्यांना एकच छायाचित्र लावले होते, तेही सर्वांत देखण्या गोधडीचे. कारखान्यातल्या चादरीला हे चालते, कारण सगळ्या चादरी सारख्या. जुन्या साड्यांची गोधडी दुसऱ्या गोधडीसारखी असूच शकत नाही. मग प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्याला कापडी चिठ्ठी शिवून तिच्यावर क्रमांक घातला. तोच क्रमांक छायाचित्रात दिसेल आणि तोच शीर्षकाच्या शेवटी लिहिला जाईल असे ठरले. काम वाढले हे खरे. पण ‘चित्रातली ही नव्हे’ या तक्रारीवर दुसरा उपायच नाही.

छायाचित्र सकाळी, ओसरीच्या सावलीत काढायचे. इथले दुपारचे ऊन रंग पांढरट करून टाकते, आणि रात्रीच्या पिवळ्या दिव्यात पांढऱ्याचा साय-रंग होतो. परीक्षा सोपी आहे. गोधडीवर एक कोरा कागद ठेवून पहिले छायाचित्र घ्यावे. त्यात कागद पांढरा दिसला तर बाकीचे रंगही बरेचसे खरे आहेत असे समजावे. मग पाच छायाचित्रे: पूर्ण पसरलेली गोधडी, बाजेवर घातलेली, टाक्यांचे जवळून आणि शेजारी टेप, मागची बाजू, आणि शेवटचे तिच्या उणिवेचे. विटलेला काठ असेल तर तो, ठिगळ असेल तर ते. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का हेही पाहायचे, आणि सुटत असेल तर ‘पहिल्या धुण्यांत लाल रंग जाईल, वेगळी धुवा’ असे लिहायचे.

ठिगळाच्या छायाचित्रावर मावशी जरा थबकली. आम्ही म्हटले, “मावशी, नको असेल तर राहू द्या.” ती म्हणाली, “काढा की. लपून राहतंय का कुठं? अंगावर घेतल्यावर दिसणारच.”

या उत्तरात आमच्या वहीतले बरेच काही आले. आठवडी बाजारात ग्राहक गोधडी उलगडतो, उलटी करतो, वजन हातावर तोलतो, नाक लावतो, आणि नको असेल तर पुढे जातो. त्या नकाराची विक्रेत्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही. इंटरनेटवर तो नकार पाचशे किलोमीटरचा प्रवास करून येतो. वर्णनाचे काम ग्राहकाला तो नकार वेळेवर देऊ देणे, एवढेच. कायदाही हेच धरून आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत सांगितलेल्या गुणांप्रमाणे वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. म्हणजे ‘किंग साइज’ हा शब्द सहज लिहिला असला तरी तो विक्रेत्याला बांधून टाकतो.

या रीतीच्या मर्यादाही आहेत. वेगवेगळ्या मोबाइलच्या पडद्यांवर एकच निळा वेगवेगळा दिसतो, त्यामुळे रंगाची तक्रार पूर्ण मिटत नाही. घरपोच पैसे देण्याच्या बोलीवर मागवून दारातूनच पुडके परत लावणाऱ्या माणसाने वर्णन वाचलेलेच नसते, त्याला कोणते शीर्षक आवरणार? आणि सुरुवातीला मागण्या कमी झाल्या, हेही नोंदवले पाहिजे. मध्यस्थ त्यावर नाराज होता. पण गेल्या हिवाळ्यात वहीच्या ‘मापात लहान’ या रकान्यात एकही नवी नोंद झाली नाही, आणि मावशी फडावरून परतली तेव्हा तिच्या नावे जमा असलेल्या रकमेतून परतीपोटी काही कापलेले नव्हते. आता ती नव्या गोधडीसाठी कापड अंथरताना टेप मागून घेते. हात मात्र आधी लावते, आणि मग टेपने तो तपासते.