बारशाचे अंदाजपत्रक : पाने आणि घरे

सांगलीतील किराणा मालाच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या घरी नात जन्माला आली. घरच्या प्रथेप्रमाणे पंचेचाळीस दिवस पूर्ण झाल्यावर, डिसेंबरच्या उत्तरार्धात, घरीच बारसे करावयाचे ठरले. चार वर्षांपूर्वी थोरल्या मुलाच्या पुत्राचे बारसे झाले होते. त्या वेळी दारात मांडव घातला होता, दीडशे पाने उठली होती आणि नव्वद हजार रुपये खर्च झाला होता. तो सारा पैसा गल्ल्यातून उचलला गेल्याने पेढीचे एक देणे दहा दिवस लांबले, व्याजही भरावे लागले. या वेळीही बारशाच्या दुसऱ्याच आठवड्यात मालाचे मोठे देणे होते. म्हणून धाकट्या मुलाने साठ हजारांची मर्यादा सुचविली. त्यावर आजी एवढेच म्हणाल्या, “नातवाला नव्वद आणि नातीला साठ, हे मला पटायचे नाही.”

आजींचा आक्षेप रास्त होता आणि मुलाची अडचणही खरी होती. दोहोंचा मेळ घालण्यासाठी आधी खर्चाचे स्वरूप उलगडणे आवश्यक होते.

बारशाचा खर्च तीन प्रकारचा असतो. काही खर्च पानांमागे वाढतो, जसे जेवण. काही खर्च घरांमागे वाढतो, जशी परतभेट. आणि काही खर्च पाहुणे किती आले यावर मुळीच अवलंबून नसतो, जसे पूजेचे साहित्य, पाळण्याची सजावट आणि घरच्यांचे नवे कपडे. बहुतेक घरांत या तिन्हींची एकच यादी होते आणि सर्व रकमा माणसांच्या संख्येने गुणल्या जातात. या कुटुंबानेही आरंभी ऐंशी पाहुणे धरून दीडशे रुपयांचे ऐंशी स्टीलचे डबे, म्हणजे बारा हजार रुपये, मांडले होते. परंतु परतभेट माणशी दिली जात नाही, ती घरटी दिली जाते. आहेराची जुनी वही काढून नावे घरवार लिहिली, तेव्हा ऐंशी पाहुणे अठ्ठावीस घरांतील निघाले. दोन डबे जादा धरून तीस डबे पुरेसे ठरले आणि बारा हजारांचे साडेचार हजार झाले.

पानांची संख्या मात्र वहीने ठरली नाही. ती जागेने आणि सूर्याने ठरविली. माजघर व सोपा मिळून एका पंगतीला तीस पाने बसत. वाढणे, जेवणे आणि पुन्हा जागा स्वच्छ करणे यांस पंगतीमागे सुमारे पन्नास मिनिटे लागतात. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या घराने दुपारी चार वाजता बारसे ठेवले, तर नाव ठेवून होईतो पाच वाजतात आणि जेमतेम एक पंगत आटोपते. म्हणून नामकरण सकाळी साडेदहाला आणि पहिली पंगत बाराला ठरली. तीन पंगतींत अडीच वाजतात आणि नव्वद पाने होतात. त्यांत घरची दहा माणसे वजा जाता पाहुणे ऐंशी.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. ऐंशीच्या पुढे गेल्यावर केवळ पानामागचा खर्च वाढत नाही. चौथी, पाचवी पंगत चारच्या पुढे लांबते, भुकेली मुले व वृद्ध ताटकळतात. ते टाळायचे तर मांडव घालावा लागतो, वाढपी व भांडी वाढतात. मागील बारशात नेमके हेच घडले होते. खर्च जिन्याच्या पायरीसारखा एकदम वर चढतो. निमंत्रणांची संख्या त्या पायरीच्या आत थांबविणे हीच खरी काटकसर होय.

आचारी व मदतनीस धरून आणि थोडी सूट ठेवून शंभर पानांचा शिधा काढला. गव्हाची खीर, पोळी, तोंडलीचा मसालेभात, दुधीची भाजी, आमटी आणि लिंबू-खोबरे लावलेली काकडीची कोशिंबीर असा बेत होता. कंदमुळे नव्हतीच. आमटीबरोबर कच्च्या दह्याचा मठ्ठा ठेवला असता द्विदलाचा दोष आला असता, म्हणून तोही वगळला. घुगऱ्यांचे हरभरे रात्री भिजवून मोड येण्यापूर्वीच पहाटे शिजवावयाचे, हे आचाऱ्याला आधीच सांगितले.

अंदाजपत्रक पुढीलप्रमाणे झाले. शिधा, भाजी, दूध व तूप पानामागे १६० रुपये, म्हणजे १६,००० रुपये. आचारी व मदतनीस ९,००० रुपये. भांडी, गॅस व सतरंज्या ५,००० रुपये. पाळण्याची फुले, नारळ, तांदूळ, पान-सुपारी, पाच सुवासिनींच्या ओटीचे खण आणि घुगऱ्या मिळून ५,००० रुपये. बाळाचे अंगडे-टोपडे, बाळंतिणीची व आत्याची साडी आणि वडिलांचा सदरा मिळून १०,००० रुपये. परतभेट ४,५०० रुपये. अकल्पित खर्चासाठी ५,००० रुपये. एकूण ५४,५०० रुपये झाले. चांदीच्या वाळ्यांचे ५,००० रुपये निराळ्या ओळीत लिहिले. चांदी घरातच राहते, म्हणून ती खर्च नव्हे. परंतु रोख रक्कम त्याच आठवड्यात बाहेर जाते, म्हणून ती विसरूनही चालत नाही. सारे मिळून ५९,५०० रुपये.

व्यापारी घरात आणखी एक चूक सहज घडते. तांदूळ, डाळ, गूळ आपल्याच दुकानातून येतात आणि कोठेच लिहिले जात नाहीत. मग बारसे स्वस्तात झाल्यासारखे वाटते आणि वर्षअखेरीस मालाचा साठा जुळत नाही. या घराने तो शिधा खरेदीच्या भावाने मांडला आणि मालकाची उचल म्हणून खात्यात दाखविला. अशा घरगुती वापरासाठी काढलेल्या मालावर वस्तू व सेवा कराची वजावट घेतलेली असेल, तर तीही उलटवावी लागते. रोख पैसाही गल्ल्यातून वेळोवेळी न घेता एकदाच उचलून निराळ्या पाकिटात ठेवला. त्यामुळे पाकीट किती रिकामे झाले, हे रोज दिसत राहिले.

आता आजींचा प्रश्न उरला. नव्वद आणि साठ यांतील तीस हजारांचा फरक नातीचाच आहे, हे सर्वांनी मान्य केले. तो एका दुपारच्या मांडवावर न घालता तिच्या नावे सुकन्या समृद्धी खात्यात, वर्षाला दहा हजार याप्रमाणे तीन वर्षांत भरावयाचा ठरला. पुढील वर्षांत दरवर्षी किमान २५० रुपये भरून खाते चालू ठेवायचे. पहिला भरणा पेढीचे देणे फेडल्यानंतरचा. हे खाते दहा वर्षांखालील मुलीचे टपाल कार्यालयात किंवा ठरावीक बँकांत उघडते आणि त्याला जन्मदाखला लागतो. रुग्णालयाकडून जन्माची नोंद झाली होती, पण तीत नाव नव्हते. जन्मनोंदणीत बाळाचे नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते, म्हणून ते काम बारशानंतरच्या आठवड्यासाठी लिहून ठेवले. आजींनी यादीवर नजर फिरविली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिले : “नात — नव्वद.”

प्रत्यक्षात पाहुण्यांची चौऱ्याहत्तर पाने उठली आणि तिसरी पंगत सव्वादोनला संपली. आत्याची गाडी उशिरा आल्याने नामकरण अर्धा तास लांबले, परंतु घुगऱ्या व सरबत आधीच तयार असल्याने कोणी ताटकळले नाही. परतभेटीचे सव्वीस डबे गेले. न आलेल्या दोन घरांना त्यांचे डबे दुसऱ्या दिवशी पोहोचविले. राखीव पाच हजारांपैकी जादा गॅस व दुधाला अठराशे लागले आणि उरलेले बत्तीसशे पाकिटातून परत गल्ल्यात जमा झाले. पेढीचे देणे ठरल्या तारखेला गेले. त्यानंतरच्या सोमवारी धाकटा मुलगा नातीच्या नावाचा दाखला आणण्यासाठी महापालिकेत गेला.