वहीतील एक दुरुस्ती

बारामतीच्या कापड दुकानातून सासऱ्यांनी ग्लुकोमीटरच्या पडद्याचा फोटो पुण्यास सूनबाईंकडे पाठविला. संदेशावर दुपारचे 1:15 वाजले होते. सूनबाईंनी वहीत ‘1:15, जेवणापूर्वी, 108’ असे मांडले. आकडा समाधानाचा होता. नेमकी तिथेच शंका यावयास हवी होती, कारण आदल्या आठवड्यातील एकही आकडा 150 च्या खाली नव्हता.

फोटो मोठा करून पाहता मधल्या अंकावर ट्यूबलाइटची चकाकी दिसली. यंत्राचा 8 सात रेघांचा असतो; मधली आडवी रेघ झाकली गेली की त्याचे शून्य होते.

“बाबा, यंत्राच्या मेमरीत तो आकडा पुन्हा पाहाल का?”

उत्तर आले : 188.

वेळेचा घोळ निराळाच. पडद्यावर 1-1 ही तारीख आणि 2:32 ही वेळ होती. सकाळी सातला सेल बदलले, पण घड्याळ पुन्हा लावले नव्हते. संदेशाची वेळ ही केवळ पाठविल्याची. गिऱ्हाइकांच्या गर्दीत फोटो तसाच राहिला होता. सासऱ्यांच्या फोनमधील मूळ फोटोच्या तपशिलात मात्र 9:32 निघाले. नाश्ता साडेसातला झालेला. म्हणजे आकडा नाश्त्यानंतर दोन तासांचा.

सूनबाईंनी जुनी ओळ खोडून काढली नाही. वाचता येईल अशी एकच रेघ मारून खाली लिहिले : ‘9:32, नाश्त्यानंतर 2 तास, 188, मेमरीवरून दुरुस्त.’ डॉक्टरांची भेट गुरुवारी होती.