अर्धा माणूस कुठं बसवायचा?

हेब्बाळच्या उड्डाणपुलापासून जवळच आमच्या हेल्पडेस्कचं ऑफिस होतं. तिथलं रोस्टर दर पंधरवड्याला मी एक्सेलमध्ये करायचो. कोणत्या तासाला किमान किती माणसं फोनवर हवीत, हे आधीच्या कॉलवरून ठरलेलं असे. प्रत्येक शिफ्टला किती माणसं द्यायची तेवढं सॉल्व्हरने शोधायचं. सलग तासांच्या शिफ्ट होत्या तोवर उत्तरं आपसूक पूर्णांकात यायची, त्यामुळे चलांवर पूर्णांकाची अट घालायचं मला कधी सुचलंच नाही.

गाडं अडलं ते जेवणाच्या सुट्टीशी. बारा ते तीनच्या दरम्यान प्रत्येकाला एक तास सुट्टी, आणि तिन्ही तास फोनवर किमान ७ जण हवेत. बाराला जेवणारे `x12`, एकला `x13`, दोनला `x14`. जो जेवायला गेला तो त्या तासाला मोजायचा नाही, उरलेल्या दोन तासांना मोजायचा:

```
min  x12 + x13 + x14
12-1:  x13 + x14 >= 7
 1-2:  x12 + x14 >= 7
 2-3:  x12 + x13 >= 7
```

उत्तर आलं प्रत्येकी ३.५, एकूण १०.५. सुट्टीमुळे शिफ्टच्या मधोमध भोक पडलं होतं आणि सलगपणाबरोबर पूर्णांकाची हमीही गेली होती. आमच्या टीम लीडर बेळगावच्या. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "अर्धा माणूस कुठं बसवायचा ओ सर?"

मी तिन्ही आकडे वर ढकलून ४, ४, ४ केले, म्हणजे १२ जण. मग सॉल्व्हरमध्ये `int` ची अट घातली, तर उत्तर आलं ४, ४, ३. बारा ते एक ७, एक ते दोन ७, दोन ते तीन ८. अकरांत भागत होतं. याहून कमी शक्यच नव्हतं, कारण तीन तासांची बेरीज २१ आणि एक माणूस त्यातले दोनच तास भरतो.

जॉर्ज डँटझिग यांनी १९५४ मध्ये टोलनाक्यावरच्या कर्मचाऱ्यांच्या शिफ्टसाठी अशीच मांडणी सुचवली होती. आपण त्याच वाटेवर आहोत, या खुशीत मी अकरा जणांचं रोस्टर लावलं.

चौथ्या दिवशी दोनला जेवणाऱ्यांपैकी एक आजारी पडला. बारा आणि एक, दोन्ही तासांना सहाच जण उरले आणि कॉलची रांग वाढत गेली. सॉल्व्हरचं काही चुकलं नव्हतं. कमीत कमी माणसं मागितली होती, ती त्याने दिली. गैरहजेरीचा विचार मी अटीत घातलाच नव्हता.

मी ७ चे ८ केले. उत्तर आलं ४, ४, ४, म्हणजे पुन्हा बाराच. पहिल्यांदा बारावा माणूस माझ्या ढकलाढकलीतून आला होता, त्याचं कारण मला सांगता आलं नसतं. आता तो कुणीही एक जण आला नाही तरी प्रत्येक तासाला ७ जण राहावेत म्हणून होता.