डब्याच्या पाठीवरचा भाव

परवा रात्री साडेदहाला मी जेवणाच्या टेबलावर तीन डबे आडवे करून बसले होते, हातात मोबाइलचा कॅल्क्युलेटर, शेजारी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, आणि समोर माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा. तो सारखा म्हणत होता, "आत्या, परत एकदा करून बघ, असं कसं होईल?" मी चार वेळा करून बघितलं. आकडे तेच येत होते. मला तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात अण्णांपासून झाली. खुब्याचं ऑपरेशन होऊन ते घरी आले, वय 74, वजन 58 किलो. निरोगी माणसाला दिवसाकाठी दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरतं, अशी आयसीएमआरची शिफारस आहे. अण्णांची जखम भरायची आहे, स्नायू उतरलेत, म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी साधारण 70 ग्रॅमचं लक्ष्य दिलं. मूत्रपिंडाचे रिपोर्ट आधी बघितले, मगच. दूध, वरण, एखादं अंडं धरून जेवणातून 50 ग्रॅम जात होते. राहिले 20. "ते पावडरीतून द्या," बाई म्हणाल्या. आम्ही औषधाच्या दुकानातून चॉकलेट चवीचा 400 ग्रॅमचा डबा आणला, 620 रुपयांना, आणि सांगितल्याप्रमाणे रोज दोन चमचे दुधात घालून द्यायला लागलो. महिनाभर मनाला समाधान की अण्णांचं प्रोटीन चाललंय.

त्या रात्री भाच्यानं सहज विचारलं, "दोन चमच्यांत किती ग्रॅम जातं गं?" डब्यावर पुढे ठळक 13 ग्रॅम लिहिलं होतं. मी म्हटलं, तेरा. त्यानं डबा फिरवला. मागच्या तक्त्यात दोन रकाने होते. एक नुसत्या पावडरीचा, दुसरा 200 मिलिलिटर दुधासह. तेरा हा दुधासहचा आकडा! दुधाचेच त्यात सहा-साडेसहा ग्रॅम, आणि त्या दुधाचे पैसे आम्ही दूधवाल्याला वेगळे देतोय, शिवाय ते दूध जेवणातल्या 50 मध्ये आधीच धरलेलं. नुसत्या पावडरीच्या रकान्यात होतं : 100 ग्रॅममध्ये प्रोटीन 32 ग्रॅम. दोन चमचे म्हणजे 20 ग्रॅम पावडर, म्हणजे प्रोटीन 6.4 ग्रॅम. हवे होते 20, जात होते 6.4, आणि तेही महिनाभर!

मग मी झपाटल्यासारखी हिशेबाला लागले. अख्ख्या डब्यात प्रोटीन किती? 400 ग्रॅमच्या 32 टक्के, म्हणजे 128 ग्रॅम. 620 भागिले 128. एक ग्रॅम प्रोटीन आम्हाला 4 रुपये 84 पैशांना पडत होतं. इतकंच करायचं असतं! डब्याची किंमत घ्यायची आणि डब्यातल्या एकूण प्रोटीनच्या ग्रॅमने भागायची. पावडरीच्या वजनाने नाही, चमच्यांच्या संख्येने नाही, फक्त प्रोटीनने. भाजी आणताना आपण मटारच्या शेंगांचा भाव विचारतो, पण मनात दाण्यांचाच भाव काढत असतो ना, अगदी तसंच. मग ही इतकी ओळखीची गोष्ट मला डब्याच्या बाबतीत आजवर का सुचली नाही!

भाच्याचे डोळे चमकले. तो आत जाऊन स्वतःचा भलामोठा डबा घेऊन आला. वजन वाढवण्याचा गेनर, 3 किलो, 2,550 रुपये. "हे बघ, 850 रुपये किलो. तुमचा तो दुकानातला डबा 1,550 रुपये किलोनं पडतो," तो म्हणाला. आणि मित्राने थोडा वापरून त्याला देऊ केलेला साध्या व्हे प्रोटीनचा 1 किलोचा डबाही त्याच्याकडे होता, किंमत 2,400. तो त्याला परवडत नाही म्हणून तसाच पडून होता. किलोच्या भावाने बघितलं तर क्रम सरळ होता : गेनर सगळ्यात स्वस्त, मग अण्णांचा डबा, व्हे सगळ्यात महाग.

आता गेनर उलटा केला. समोर 30 ग्रॅम प्रोटीन असं मोठं लिहिलेलं. मागे एका वेळेचं माप, म्हणजे सर्व्हिंग, किती? 200 ग्रॅम. तो गंज भरून होणारा पावडरीचा ढीग आहे! त्यात प्रोटीन 30, म्हणजे 15 टक्के. तीन किलोच्या डब्यात अशी मापं पंधरा. पंधरा गुणिले 30 म्हणजे 450 ग्रॅम. 2,550 भागिले 450, एका ग्रॅमला 5 रुपये 67 पैसे. तीन किलोचा डबा, आणि त्यात प्रोटीन अर्धा किलोसुद्धा नाही! मग उरलेलं काय आहे? घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. गेनरच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिनचं होतं, म्हणजे स्टार्चपासून बनवलेलं कर्बोदक. अण्णांच्या डब्याच्या यादीत दुसऱ्याच क्रमांकावर साखर होती. ज्याला खरोखर कॅलरी हव्यात, जेवण जात नाही, त्याला गेनरचा उपयोग आहे, ते मी नाकारत नाही. पण प्रोटीन म्हणून विकत घ्यायला तो या तिघांत सगळ्यात महाग निघाला.

आणि व्हे! एक स्कूप 33 ग्रॅम, त्यात प्रोटीन 24. किलोत तीस स्कूप, म्हणजे 720 ग्रॅम प्रोटीन. 2,400 भागिले 720. तीन रुपये तेहतीस पैसे! क्रम पुरता उलटा झाला होता. किलोला सगळ्यात महाग तो ग्रॅमला सगळ्यात स्वस्त, आणि किलोला सगळ्यात स्वस्त तो ग्रॅमला सगळ्यात महाग. "परत कर, आत्या" हे तो इथेच म्हणाला.

रोजच्या खर्चात हे उतरवलं तेव्हा तर मी खुर्चीतून उठलेच. अण्णांना 20 ग्रॅम हवेत. त्यांच्या डब्यातून ते द्यायचे तर रोज 62 ग्रॅमच्या वर पावडर लागणार, सहा मोठे चमचे, डबा सहा दिवसांत संपणार, रोजचे 97 रुपये, वर ती सगळी साखर. व्हेमधून तेच 20 ग्रॅम 67 रुपयांत, 27-28 ग्रॅम पावडरीत. आम्हाला आधीचा डबा स्वस्त का वाटत होता, तेही तेव्हा कळलं. दोन चमच्यांनी तो वीस दिवस चालायचा, म्हणजे दिवसाला 31 रुपये. माप लहान ठेवलं की डबा जास्त दिवस जातो आणि रोजचा खर्च कमी दिसतो, पण पोटात जाणारं प्रोटीनही तेवढंच कमी असतं. म्हणून डब्यावरच्या "इतके दिवस पुरेल" या शब्दांकडे मी आता बघणार नाही.

मग वजनकाट्याची पाळी. व्हेच्या डब्यातला प्लास्टिकचा स्कूप मी सपाट भरून काट्यावर ओतला : 29 ग्रॅम. शीग लावून भरला : 39. डब्यावर लिहिलंय 33! स्कूप हे आकारमानाचं माप आहे, तक्त्यातला आकडा वजनाचा आहे, आणि पावडर मोकळी आहे की दाबून बसलीय यावर दोघांतला फरक ठरतो. सपाट स्कूपने 24 नव्हे, 21 ग्रॅमच प्रोटीन गेलं असतं. अण्णांना 20 हवेत, म्हणजे आमच्यासाठी तो सपाट स्कूपच योग्य, पण हे काट्याशिवाय कधी कळलं असतं?

इथे भाच्याने एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. त्याच्या जिमच्या सरांनी त्याला ती शिकवली होती, पण त्याने कधी वापरली नव्हती. तक्त्यातला प्रोटीनचा आकडा थेट प्रोटीन मोजून येत नाही. पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. म्हणजे ग्लायसिनसारखं स्वस्त अमिनो आम्ल वरून मिसळलं तरी नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रोटीन फुगतं. मग माझ्या भागाकाराचा खालचा आकडाच खोटा ठरेल! त्यावर बघायचं काय, तर अमिनो आम्लांच्या तक्त्यातलं ल्युसिन. व्हेच्या प्रोटीनमध्ये ते साधारण दहा टक्के असतं, म्हणजे 24 ग्रॅमला अडीच ग्रॅमच्या आसपास हवं. आमच्या डब्यावर अडीच होतं, आणि घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन वगैरे वेगळं काही नव्हतं. तक्ता खोटाच छापला असेल तर हेही पुरणार नाही, तिथे प्रयोगशाळाच हवी. पण ज्या डब्यावर हा तक्ताच नाही, तिथे मी भागाकार करायला बसणार नाही. कोलॅजनच्या पावडरीचंही तसंच. तिच्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे तिचा ग्रॅम आणि व्हेचा ग्रॅम एकाच तागडीत घालता येत नाहीत.

साडेअकराला मी फ्रिज उघडला. अंडं सात रुपयांचं, त्यात प्रोटीन सहा ग्रॅम : एक रुपया सतरा पैसे! व्हेच्या जवळजवळ एक तृतीयांश भावात. सोयाचे वाळलेले गोळे तर 100 ग्रॅममध्ये 50 ग्रॅमच्या वर प्रोटीन देतात. आमच्या वाण्याकडे ते 160 रुपये किलो, म्हणजे ग्रॅमला बत्तीस पैशांच्याही आत. अण्णांना सोया चावत नाही आणि एका बैठकीत फार जेवण जात नाही, म्हणून त्यांना अर्ध्या पेल्यात मावणारी पावडर सोयीची. पण एकविशीतल्या, चांगलं चावून खाणाऱ्या आमच्या भाच्याला कसली अडचण? त्याने स्वतःच वहीत लिहिलं : रोज चार अंडी, 28 रुपये, 24 ग्रॅम. एका व्हे स्कूपइतकं प्रोटीन, आणि त्या स्कूपचे पडतात 80 रुपये. गेनर पुन्हा आणायचा नाही, हे त्याचं त्यानेच ठरवलं. व्हेचा डबा मित्राला पैसे देऊन अण्णांसाठी ठेवून घेतला.

सकाळी वहिनी स्वयंपाकघरात आली तेव्हा मी तिची माशाच्या तेलाची बाटली हातात घेऊन उभी होते. पुढे लिहिलंय 1000 मिलिग्रॅम. ते वजन कॅप्सुलमधल्या तेलाचं. मागे ईपीए 180, डीएचए 120, म्हणजे ज्याच्यासाठी ती हे घेते ते 300च. साठ कॅप्सुलांत 18 ग्रॅम, बाटली 600 रुपयांची, ग्रॅमला 33 रुपये. तिने दुसऱ्या, 1,100 रुपयांच्या बाटलीचा फोटो मोबाइलवर काढून दाखवला. ती तिने महाग म्हणून दुकानातच ठेवली होती. तिच्यावर ईपीए-डीएचए मिळून 600, साठ कॅप्सुला. 36 ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला साडेतीस रुपये. मी आनंदाने ओरडणार, इतक्यात वहिनीने फोटो बोटांनी मोठा केला आणि तक्त्याच्या वरची बारीक ओळ वाचली : एका वेळेचं माप, दोन कॅप्सुला. म्हणजे एका कॅप्सुलमध्ये 300च, अख्ख्या बाटलीत 18 ग्रॅम, आणि भाव ग्रॅमला 61 रुपये. "आपली जुनीच बरी," ती म्हणाली, आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली माझ्या हातात दिली.