समान भाराची साक्ष: एका वेस्टर्न ब्लॉटचा अनुभव

वेस्टर्न ब्लॉटच्या अंतिम चित्रात जो काळा पट्टा दिसतो तो प्रकाशाचा ठसा असतो, आणि हा प्रकाश व ज्याचा शोध चालला आहे ते प्रथिन यांच्यामध्ये दोन प्रतिपिंडे आणि एक विकर असे तीन मध्यस्थ उभे असतात. त्यामुळे पट्टा गडद झाला म्हणजे प्रथिन वाढले, असे म्हणण्यापूर्वी प्रत्येक मध्यस्थाने आपले काम नेमके केले आहे का, आणि तुलनेसाठी शेजारी ठेवलेल्या नमुन्यांत मुळात सारखेच द्रव्य घातले होते का, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. प्राणवायूच्या कमतरतेत पेशी कशा वागतात याचा अभ्यास करताना प्रस्तुत लेखिकेला या दोन प्रश्नांची गुंतागुंत जवळून पाहावी लागली, आणि हे दोन्ही प्रश्न वाटतात तितके वेगळे नाहीत असेही तिच्या ध्यानात आले.

अभ्यासाचा विषय एचआयएफ-१ अल्फा नावाचे प्रथिन होता. प्राणवायू पुरेसा असताना पेशी हे प्रथिन सतत बनवते आणि सतत मोडून टाकते. प्राणवायू कमी पडला की मोडण्याची क्रिया थांबते, प्रथिन साचते, केंद्रकात जाऊन अनेक जनुके चालू करते आणि पेशीला ग्लुकोजच्या विघटनावर अधिक अवलंबून राहायला लावते. हवेशी पुन्हा संपर्क येताच ते काही मिनिटांत नाहीसे होऊ लागत असल्यामुळे कमी प्राणवायूत वाढवलेल्या पेशी बाहेर काढल्याबरोबर बर्फावर ठेवून त्या फोडणाऱ्या द्रावणात विरघळवाव्या लागतात. मिळालेल्या अर्कातील एकूण प्रथिन रंगमापनाने मोजून प्रत्येक नमुन्यातून ३० मायक्रोग्रॅम प्रथिन बसेल एवढा अर्क घेतला जातो आणि एसडीएस या अपमार्जकात उकळून जेलमध्ये भरला जातो. एसडीएस प्रथिनांची घडी उलगडते व त्यांच्यावर ऋणभाराचा लेप चढवते. म्हणून विद्युतप्रवाहात ती मुख्यतः आकारमानानुसार वेगळी होतात, लहान पुढे आणि मोठी मागे. मग ती जेलमधून एका पातळ पटलावर ओढून घेतली जातात. विद्युतप्रवाहाने नायट्रोसेल्युलोजच्या पटलावर असे स्थलांतर करण्याची पद्धत बाझल येथील टोबिन, श्टेहेलिन आणि गॉर्डन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि प्रतिपिंडांना जेलच्या जाळीत शिरावे न लागता प्रथिनापर्यंत पोहोचता येणे शक्य झाले ते या एका पायरीमुळे.

पटल प्रथिनांना घट्ट धरते, आणि प्रतिपिंडेही प्रथिनेच असल्यामुळे रिकाम्या जागी तीही चिकटतील. म्हणून आधी साय काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या पाच टक्के द्रावणाने पटलाच्या मोकळ्या जागा भरून टाकतात. त्यानंतर येते प्राथमिक प्रतिपिंड, जे सशाच्या शरीरात एचआयएफ-१ अल्फाविरुद्ध तयार करवून घेतलेले असते आणि पटलावर त्याच प्रथिनाला बांधले जाणे अपेक्षित असते. या प्रतिपिंडाला स्वतःची खूण नसते. ती घेऊन येते दुय्यम प्रतिपिंड: सशाचे प्रतिपिंड बकरीला टोचले की बकरीच्या रक्तात सशाच्या प्रतिपिंडाला ओळखणारी प्रतिपिंडे तयार होतात, आणि त्यांना मुळ्यासारख्याच एका रोपाच्या, हॉर्सरॅडिशच्या, मुळातून काढलेले पेरॉक्सिडेज हे विकर जोडले जाते. ल्युमिनॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिळताच हे विकर प्रकाश उत्पन्न करते. या दुहेरी योजनेचा लाभ असा की एका प्राथमिक प्रतिपिंडावर अनेक दुय्यम प्रतिपिंडे बसू शकत असल्याने संकेत वाढतो, आणि सशात बनलेल्या शेकडो निरनिराळ्या प्राथमिक प्रतिपिंडांसाठी खूण लावलेले एकच दुय्यम प्रतिपिंड पुरते. मात्र याच योजनेत एक आंधळेपणाही आहे, कारण दुय्यम प्रतिपिंडाला एचआयएफची काहीही ओळख नसते. त्याला फक्त ससा कळतो, आणि तो पटलावर जिथे कुठे सापडेल तिथे ते बसते.

प्राथमिक प्रतिपिंडाची परीक्षा तुलनेने सरळ निघाली. अमिनो आम्लांच्या हिशेबाने एचआयएफ-१ अल्फाचे वजन सुमारे ९३ किलोडाल्टन येते, पण जेलमध्ये ते ११० ते १२० च्या आसपास धावते, त्यामुळे केवळ गणिताच्या आधारे योग्य जागा ठरवणे धोक्याचे असते. प्रस्तुत लेखिकेच्या पटलावर त्या जागेखाली आणखी एक फिकट पट्टा सर्व नमुन्यांत सारखाच दिसत होता. कोबाल्ट क्लोराइड घातलेल्या पेशी, ज्यांच्यात प्राणवायू असूनही एचआयएफ साचते, आणि एचआयएफचा संदेशवाहक आरएनए निकामी केलेल्या पेशी असे दोन नमुने शेजारी ठेवल्यावर वरचा पट्टा पहिल्यात गडद झाला व दुसऱ्यात जवळजवळ पुसला गेला, तर खालचा जसाच्या तसा राहिला. अर्थात खालचा पट्टा प्रतिपिंडाच्या भलत्याच ओळखीतून आलेला होता.

खरी अडचण समान भाराच्या नियंत्रणात होती. मोजमाप करून ३० मायक्रोग्रॅम प्रथिन घेतले तरी चिकट अर्क पिपेटमध्ये कमीजास्त भरला जातो, जेल आणि पटल यांच्यामध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढ्या भागाचे स्थलांतर अपुरे होते. म्हणून त्याच पटलावर, ज्याचे प्रमाण प्रयोगामुळे बदलत नाही असे मानले जाते ते एखादे प्रथिन मोजून त्याच्याशी मुख्य संकेताचे गुणोत्तर काढण्याची रीत आहे. प्रयोगशाळेच्या प्रघाताप्रमाणे पटल ७० किलोडाल्टनच्या खुणेवर आडवे कापून वरच्या भागावर एचआयएफ आणि खालच्या भागावर सुमारे ३७ किलोडाल्टनचे जीएपीडीएच पाहिले गेले. चार तासांच्या नमुन्यांत जीएपीडीएच सर्वत्र समान होते. चोवीस तासांच्या नमुन्यांत मात्र कमी प्राणवायूतील पट्टा स्पष्टपणे अधिक गडद होता. भार असमान झाला असावा, हे सहकाऱ्यांचे पहिले अनुमान होते आणि ते स्वाभाविकही होते; पण प्रतिपिंडे लावण्यापूर्वी पटलावर पाँसो एस हा धुऊन निघणारा लाल रंग चढवून घेतलेले छायाचित्र उपलब्ध होते आणि त्यात दोन्ही लेनमधील एकूण प्रथिनाचा रंग सारखाच होता.

याचे कारण जीएपीडीएचच्या कामात होते. ते ग्लुकोजच्या विघटनमार्गातील एक विकर आहे, आणि प्राणवायू कमी पडल्यावर एचआयएफ नेमका हाच मार्ग वाढवते. काही प्रकारच्या पेशींत जीएपीडीएचचे जनुक त्यामुळे प्रत्यक्ष अधिक चालू होते. जीएपीडीएच टिकाऊ प्रथिन असल्यामुळे त्याच्या साठ्यात फरक दिसायला वेळ लागतो, म्हणून चार तासांचे चित्र निर्दोष भासले. समजा, खरा भार समान असताना एचआयएफचा संकेत ६ पट आणि जीएपीडीएचचा १.५ पट वाढला, तर गुणोत्तर ४ पट येईल, म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली एक तृतीयांश वाढ गिळली जाईल. जे मोजायचे त्याच्याच हुकमतीखालील प्रथिनाला साक्षीदार नेमण्याचा हा परिणाम होय.

येथे दुसरा, अधिक फसवा धोकाही नोंदवला पाहिजे. जीएपीडीएच पेशीत इतके विपुल असते की ३० मायक्रोग्रॅमच्या भारात त्याचा प्रकाश कित्येकदा कमाल मर्यादेला टेकलेला असतो: विकराला लागणारे द्रव्य संपते, कॅमेऱ्याचे बिंदू भरून जातात, आणि दुप्पट प्रथिन असूनही पट्टा तेवढाच दिसतो. म्हणून एकसारखे सुंदर पट्टे हा समान भाराचा पुरावा ठरत नाही. ते निव्वळ मोजण्याची क्षमता संपल्याचे चिन्हही असू शकते. एकाच नमुन्याचे ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम शेजारी चालवून संकेत कुठपर्यंत प्रमाणात वाढतो हे पाहिले तरच खात्री पटते. ही पायरी वगळलेली चित्रे प्रसिद्ध निबंधांतही आढळतात, आणि त्यांच्यावर किती विसंबावे हे वाचकाने स्वतःच ठरवावे लागते.

जीएपीडीएच सोडून सुमारे ५० किलोडाल्टनच्या अल्फा-ट्यूब्युलिनकडे वळल्यावर पेशींच्या प्रयोगातील अडचण मिटली. ट्यूब्युलिनचे प्राथमिक प्रतिपिंड उंदरात तयार केलेले होते आणि त्यासाठी उंदराला ओळखणारे दुय्यम प्रतिपिंड वापरले जात होते. पुढच्या टप्प्यात मात्र नमुने पेशींऐवजी उंदराच्या मूत्रपिंडाचे होते: एका गटात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा काही काळ रोखला होता आणि दुसऱ्यात केवळ शस्त्रक्रिया केली होती. या पटलांवर ५० किलोडाल्टनचा पट्टा रक्तपुरवठा रोखलेल्या गटात ठळकपणे वाढला, आणि २५ किलोडाल्टनच्या जागी आणखी एक अनाहूत पट्टा उमटला. एवढ्यावरून निदान जवळजवळ झालेच होते, तरी त्याच नमुन्यांच्या एका वेगळ्या पट्टीवर प्राथमिक प्रतिपिंड न घालता केवळ दुय्यम प्रतिपिंड लावून पाहिले गेले, आणि दोन्ही पट्टे तिथेही उमटले. ते उंदराच्या स्वतःच्या रक्तातील प्रतिपिंडांचे होते: नमुना उकळताना त्यांचे तुकडे सुमारे ५० किलोडाल्टनची जड आणि २५ ची हलकी साखळी असे होतात, आणि उंदीर ओळखणारे दुय्यम प्रतिपिंड त्यांच्यावर हक्काने बसते. रक्तपुरवठा रोखलेल्या मूत्रपिंडात रक्त साकळून राहते, म्हणून त्या गटात हा पट्टा अधिक गडद. समान भाराचे म्हणून वापरलेले नियंत्रण प्रत्यक्षात ऊतीतील रक्त मोजत होते.

सशात तयार केलेले ट्यूब्युलिनचे प्रतिपिंड आणि ससा ओळखणारे दुय्यम प्रतिपिंड घेतल्यावर ही भेसळ थांबली, परंतु जखमी मूत्रपिंडात ट्यूब्युलिन स्थिर राहते असे गृहीत धरणे लेखिकेला पटले नाही. शेवटी मुख्य आधार पाँसोने रंगवलेल्या संपूर्ण लेनचा घेतला गेला, कारण शेकडो प्रथिनांच्या बेरजेवर एखाद्याच्या चढउताराचा फारसा परिणाम होत नाही. त्यालाही एक मर्यादा आहे: रक्ताने भरलेल्या ऊतीत अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन ही बेरीज फुगवतात, ३० मायक्रोग्रॅमपैकी मूत्रपिंडाच्या पेशींचा वाटा तेवढाच घटतो आणि कोणत्याही गुणोत्तरातून ही घट पूर्णपणे भरून निघत नाही. म्हणून मूत्रपिंड काढण्यापूर्वी हृदयातून थंड सलाइन सोडून ऊती धुऊन घेण्याची पायरी कार्यपद्धतीत घातली गेली आणि लाल रंगाच्या छायाचित्रात ६६ व १५ किलोडाल्टनच्या आसपासचे पट्टे, म्हणजे अनुक्रमे अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिनची साखळी, दोन्ही गटांत तुलनेने पाहण्याचा नियम झाला. मूत्रपिंडाच्या आतल्या थरात साकळलेले रक्त मात्र सलाइनने पूर्ण निघत नाही, त्यामुळे ज्या नमुन्यांत हे दोन पट्टे फार जड दिसत ते परिमाणात्मक तुलनेतून बाहेर ठेवले जात.